साठ किलोवॅटचा चार्जर, साडेचोवीस युनिट आणि ६४७ रुपये ८२ पैसे

नागपुरात वर्धा रोडवरचं एक सार्वजनिक फास्ट चार्जिंग स्टेशन. मे महिन्याचा शेवट, नवतपा लागलेला. दुपारी १४:१२ ला एका इलेक्ट्रिक गाडीला गन, म्हणजे चार्जरच्या केबलच्या टोकाचा प्लग, लागली आणि १५:३९ ला निघाली. गाडीमालक मधल्या वेळात शेजारी सावजी जेवायला गेले होते. परत येऊन गन काढली, तर मोबाइलवर बिल आलं ६४७ रुपये ८२ पैशांचं. त्यांनी लगेच तक्रार टाकली: "साठ किलोवॅटचा चार्जर, दीड तास गाडी लागून होती, अन् दिले साडेचोवीस युनिट? बाकीचे कुठं गेले? वरून आयडलचे पैसे कायचे?"

बिलात चूक होती, पण तक्रारीत दाखवलेल्या जागी नव्हती. खाली हे बिल ओळीओळीने सोडवलं आहे. आकडे नमुन्यासाठी बांधलेले आहेत आणि दरही एका जागेचा म्हणून धरला आहे. तुमच्या स्टेशनवर तो वेगळा असेल, हिशेबाची रीत मात्र तीच राहील.

बिल असं होतं:

चार्जर: ६० किलोवॅट डीसी, गन क्रमांक १
गन लावली १४:१२, काढली १५:३९
ऊर्जा: २४.५० युनिट, दर १८.०० रुपये: ४४१.००
आयडल: २७ मिनिटं, दर ४.०० रुपये: १०८.००
बेरीज: ५४९.००
जीएसटी १८ टक्के: ९८.८२
एकूण देय: ६४७.८२

आयडल म्हणजे चार्जिंग थांबल्यावरही गाडी गनला लागून राहिलेला वेळ. या स्टेशनची त्याबाबतची अट अशी की चार्जिंग थांबल्यावर पहिली १० मिनिटं फुकट, त्यानंतर मिनिटाला ४ रुपये. गाडीची वापरायची बॅटरी ४० युनिटची. गन लावली तेव्हा चार्ज २४ टक्के होता, काढली तेव्हा ८०.

६० हा आकडा बिलात कशाला आहे

महावितरणच्या घरच्या बिलावर दोन वेगळे आकडे असतात. एक मंजूर भार, तो किलोवॅटमध्ये. दुसरा वापरलेली युनिटं, म्हणजे किलोवॅट-अवर. मंजूर भार ५ किलोवॅट आहे म्हणून महिनाभर ५ किलोवॅटने वीज वापरली, असं कुणी मानत नाही. तो भार म्हणजे वरची मर्यादा. चार्जरवरचा ६० हा आकडाही त्याच जातीचा आहे. हे यंत्र एका क्षणाला जास्तीत जास्त किती वेगाने वीज देऊ शकतं, एवढंच तो सांगतो. पैसे लागतात ते युनिटांना, आणि युनिटं म्हणजे तो वेग गुणिले प्रत्यक्ष वीज वाहिली तेवढा वेळ.

तक्रारीतला हिशेब पुरता करून पाहिला की तो जागीच कोलमडतो. ६० किलोवॅटने ८७ मिनिटं वीज वाहिली असती तर ८७ युनिटं झाली असती. बॅटरी आहे ४० ची, आणि त्यातली जवळजवळ पाव आधीच भरलेली. म्हणजे ८७ युनिटं मावण्याचा प्रश्नच नव्हता. बिलातली युनिटं खरी वाटत नसतील तर पहिली परीक्षा हीच घ्यावी: वाढलेले टक्के गुणिले बॅटरीची क्षमता. इथे ५६ टक्के गुणिले ४०, म्हणजे २२.४ युनिटं. बिलातला आकडा याच्या आसपास, थोडा वरच असायला हवा. तो २४.५ आहे. थोडा वर का, ते पुढे येईल.

साठ किलोवॅट एकदाही का मिळाले नाहीत

चार्जरची नेमप्लेट नीट वाचली तर त्यावर तीन गोष्टी दिसतात: कमाल पॉवर ६० किलोवॅट, व्होल्टेजचा पल्ला २०० ते १००० व्होल्ट, आणि प्रत्येक गनची कमाल करंट १५० अँपिअर. बोर्डावर मोठ्या अक्षरांत यातली पहिलीच छापतात. पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट, आणि व्होल्टेज ठरवते गाडीची बॅटरी. या गाडीची बॅटरी चार्ज होताना ३३४ ते ३४६ व्होल्टच्या दरम्यान होती. ३३४ ला १५० ने गुणलं की ५०.१ किलोवॅट येतात. म्हणजे या गाडीने कितीही मागितलं असतं तरी या गनमधून सुरुवातीला ५० च्या वर काही येणारच नव्हतं. पूर्ण ६० मिळायला बॅटरी किमान ४०० व्होल्टची हवी.

दुसरी मर्यादा गाडीची. डीसी चार्जिंगमध्ये किती करंट घ्यायची ते चार्जर ठरवत नाही. गाडीतलं बॅटरी व्यवस्थापन दर क्षणी गनमधल्या तारेवरून करंटची मागणी कळवतं. ती मागणी आणि चार्जरची स्वतःची मर्यादा, यांत जी लहान असेल तेवढीच करंट वाहते. वर नागपूरचं ऊन. डांबरावरून तासभर धावून आलेली बॅटरी आधीच तापलेली असते आणि तापलेली बॅटरी कमी मागते. या गाडीने सुरुवातीला १३२ अँपिअर मागितले. ३३४ गुणिले १३२, म्हणजे ४४ किलोवॅट. पहिली १२ मिनिटं हाच वेग टिकला आणि ८.८ युनिटं गाडीत गेली.

१४:२४ ला शेजारच्या गनवर दुसरी गाडी आली आणि या गाडीचा वेग एकदम २९ वर उतरला. हा चार्जर १५-१५ किलोवॅटच्या चार पॉवर मॉड्यूलचा आहे. गाडी एकच असली की चारही मॉड्यूल तिच्या वाट्याला येतात, दोन झाल्या की दोन-दोन. म्हणजे प्रत्येकीला फार तर ३०. बोर्डावर "६० किलोवॅट, २ गन" लिहिलेलं असलं तर ते दोन्ही गनना मिळून आहे की प्रत्येकीला, हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलं नसतं. आमच्या मते ते लिहिणं सक्तीचंच असायला हवं. अशा अवस्थेत पुढची १८ मिनिटं गेली आणि आणखी ८.७ युनिटं मिळाली.

वेग चार्जरने कमी केला की गाडीने, हे स्क्रीनवरून बऱ्यापैकी ओळखता येतं. वाटणीमुळे पडणारा वेग पायरीसारखा पडतो: ४४ वरून काही सेकंदांत २९, आणि मग तिथेच स्थिर. शेजारच्या गनचा दिवाही त्याच मिनिटाला बदललेला असतो. गाडीने मागणी कमी केली तर आकडा उतारासारखा हळूहळू घसरतो: ४०, ३७, ३३. खात्री हवी असेल तर लॉगमध्ये मागितलेली आणि दिलेली करंट शेजारी ठेवून बघायची. १४:२४ नंतर गाडी १३२ च मागत होती आणि मिळत होते ८६. म्हणजे हात चार्जरने आखडला होता. शेवटच्या टप्प्यात उलट झालं. गाडीनेच ६१ अँपिअर मागितले आणि तेवढेच तिला मिळाले. ३४६ गुणिले ६१, म्हणजे २१ किलोवॅट. हे काम तापलेल्या बॅटरीचं.

तो शेवटचा टप्पा २० मिनिटांचा होता आणि त्यात ७ युनिटं गेली. तीन टप्प्यांची बेरीज ८.८, ८.७ आणि ७.०, म्हणजे २४.५. बिलातल्या युनिटांशी ती तंतोतंत जुळते. वीज प्रत्यक्षात वाहिली ती ५० मिनिटं, आणि सरासरी वेग पडला २९.४ किलोवॅट. बोर्डावरच्या आकड्याच्या निम्म्याहून किंचित कमी. उन्हाळ्यात, दोन गनच्या चार्जरवर, ३३०-३४० व्होल्टच्या गाडीसाठी हे अजिबात विपरीत नाही. ग्राहकाला हळू चार्जिंगचा वैताग येणं रास्त आहे, पण दर युनिटाला असल्यामुळे हळू चार्जिंगने युनिटांचं बिल वाढत नाही. मिनिटाला दर लावणाऱ्या स्टेशनवर मात्र हीच वाटणी थेट खिशाला बसली असती.

गाडीत बावीस, बिलात साडेचोवीस

बॅटरीत जमा झाली २२.४ युनिटं आणि बिल लागलं २४.५ चं. ही २.१ युनिटांची तफावतही कुणाला खटकू शकते. मीटर चुकलं असेल का? तिथे उडी मारण्याआधी तीन कारणं तपासायची.

पहिलं, गाडीचा टक्का हा पूर्णांकात दिसतो. इथे एक टक्का म्हणजे ०.४ युनिट. सुरुवातीचे २४ हे प्रत्यक्षात २३.६ असू शकतात, शेवटचे ८० हे ८०.४ असू शकतात. म्हणजे नुसत्या टक्क्यांवरून काढलेल्या आकड्यात पाव-अर्धा युनिट इकडे-तिकडे धरूनच चालावं.

दुसरं, गनमधून येणारी सगळी वीज बॅटरीत साठत नाही. तापलेल्या बॅटरीला थंड ठेवायला कॉम्प्रेसर चालतो आणि तो दीड-दोन किलोवॅट खातो. ५० मिनिटांत त्याचीच सव्वा ते जवळजवळ पावणेदोन युनिटं होतात. गाडीत कुणी एसी लावून बसलं असेल तर त्याहून जास्त. उरलेली थोडी वीज बॅटरीच्या आतल्या रोधात उष्णता होऊन जाते. चार्जरने ती दिली आहे, मीटरने मोजली आहे आणि गाडीने वापरली आहे. डिसेंबरात हीच तफावत बरीच कमी दिसते.

तिसरं कारण खरं महत्त्वाचं: मीटर कुठे बसवलं आहे. चार्जर महावितरणकडून एसी वीज घेतो आणि गाडीला डीसी देतो. मधल्या रूपांतरात साधारण पाच-सहा टक्के वीज जाते. मीटर गनच्या बाजूला, म्हणजे डीसीकडे असेल तर ही घट स्टेशनवाल्याच्या माथी. मीटर आत येणाऱ्या एसीकडे असेल तर ती ग्राहकाच्या बिलात बसते. या सेशनमध्ये एसीकडचं मीटर धरलं असतं तर आकडा साधारण २६ आला असता. ते ओळखण्यासाठी चार्जरच्या स्क्रीनवरचे व्होल्ट आणि अँपिअर वापरायचे, कारण ते डीसीचे असतात. या प्रकरणात तीन वेळा टिपलेले आकडे होते: ३३४ गुणिले १३२, ३३८ गुणिले ८६ आणि ३४६ गुणिले ६१. त्यांतून निघणारे ४४, २९ आणि २१ किलोवॅट आपापल्या मिनिटांना लावले की २४.५ च येतात. म्हणजे मीटर डीसीकडचं आहे आणि बरोबर चाललं आहे. हा हिशेब बिलापेक्षा सतत पाच-सहा टक्के कमी येत असेल, तर मात्र मीटर कुठे आहे ते लेखी विचारावं.

युनिटांची ओळ इथे संपते. ४४१ रुपये योग्य.

आयडलची २७ मिनिटं आली कुठून

गाडी एकूण ८७ मिनिटं जोडलेली होती. वीज वाहिली ५० मिनिटं. उरली ३७. त्यातून सवलतीची १० वजा केली की २७. बिल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने एवढंच केलं आहे, आणि अंकगणित म्हणून ते अचूक आहे. पण ही ३७ मिनिटं एकाच जातीची नाहीत.

चार्जर आणि स्टेशन चालवणाऱ्याचा सर्व्हर यांच्यात चालणाऱ्या संदेशांची नोंद राहते. बरेच चार्जर त्यासाठी `OCPP 1.6` हा प्रोटोकॉल वापरतात. या सेशनची नोंद, अनावश्यक ओळी गाळून, अशी:

```
08:42:00Z StartTransaction    meterStart=4183620
08:42:05Z StatusNotification  Charging
09:12:00Z StatusNotification  SuspendedEVSE
09:21:00Z StatusNotification  Charging
09:41:00Z StopTransaction     meterStop=4208120
09:41:02Z StatusNotification  Finishing
10:09:00Z StatusNotification  Available
```

वाचताना पहिली ठेच वेळेपाशी लागते. शेवटचं `Z` म्हणजे ही वेळ जागतिक प्रमाणवेळेत आहे. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते. ०८:४२ म्हणजे १४:१२, आणि १०:०९ म्हणजे १५:३९. हे न कळल्याने "मी तर सकाळी तिथे नव्हतोच" अशी वेगळीच तक्रार उभी राहते. मीटरचे आकडे वॅट-अवरमध्ये आहेत. ४२०८१२० मधून ४१८३६२० वजा केले की २४५००, म्हणजे २४.५ युनिटं. हाही एक पडताळा झाला.

आता दोन थांबे पाहू. दुसरा थांबा सोपा आहे. १५:११ ला गाडी ८० टक्क्यांवर पोचली आणि तिने स्वतः चार्जिंग संपवलं. व्यवहार बंद झाला, अवस्था `Finishing` झाली, म्हणजे चार्जिंग संपलेलं पण गन अजून गाडीतच. १५:३९ ला गन निघाली आणि अवस्था `Available` झाली. मधली २८ मिनिटं ही खरी आयडल. काही चार्जर अशा वेळी व्यवहार चालू ठेवून `SuspendedEV` दाखवतात, म्हणजे गाडी जोडलेली आहे पण वीज घेत नाही. नाव वेगळं असलं तरी अर्थ तोच: थांबायचं गाडीने ठरवलं.

पहिला थांबा वेगळा आहे. १४:४२ ते १४:५१ या नऊ मिनिटांत अवस्था होती `SuspendedEVSE`. शेवटची ती दोन अक्षरं, `SE`, इथे सगळा फरक करतात. `SuspendedEV` मध्ये गाडी वीज नाकारते. `SuspendedEVSE` मध्ये गाडी मागत असते आणि चार्जर देत नाही. या वेळी गाडीची मागणी १३२ अँपिअरवर कायम होती, दिलेली करंट शून्य होती आणि मीटरचा आकडा नऊ मिनिटं जागचा हलला नाही.

चार्जर थांबला कशाने? बाहेर ४४-४५ अंश असताना धातूच्या कॅबिनेटच्या आतली हवा आणखी दहा अंशांनी वर जाते. पॉवर मॉड्यूल साधारण ५०-५५ अंशांपुढे आपला वेग उतरवू लागतात, आणि त्याने भागलं नाही तर बंद होऊन थंड होण्याची वाट पाहतात. हवा आत घेणाऱ्या जाळीवरचं फिल्टर धुळीने भरलेलं असेल तर ही वेळ लवकर येते. वर्धा रोडच्या रहदारीकडे तोंड करून उभ्या असलेल्या यंत्राचं फिल्टर मे महिन्यात दर आठवड्याला झटकावं लागतं. तिमाही देखभालीने इथे भागत नाही. या प्रकरणातला पक्का पुरावा शेजारच्या गनने दिला. तिच्या नोंदीतही १४:४२ लाच `SuspendedEVSE` आहे. दोन वेगळ्या गाड्या एकाच मिनिटाला थांबल्या तर दोष गाड्यांचा नसतो.

काही गाड्या इतका वेळ शून्य करंटवर थांबत नाहीत. दोन-तीन मिनिटांत सेशन तोडतात आणि मग गन काढून पुन्हा लावावी लागते. ही गाडी थांबून राहिली, म्हणून गाडीमालकांना जेवताना यातलं काही कळलंही नाही.

आता चूक नेमकी दिसते. सॉफ्टवेअरने आयडलची व्याख्या "जोडलेली पण वीज वाहत नाही अशी सगळी मिनिटं" अशी धरली आहे. ती कुणी आकाशातून आणलेली नाही. वेगवेगळ्या चार्जिंग कंपन्या एकमेकांना बिलाची माहिती पाठवतात तो `OCPI` नमुना वापरात आहे, आणि त्यात `PARKING_TIME` हा घटक चार्जिंग होत नसलेला वेळ म्हणूनच मोजला जातो. कुणामुळे होत नव्हतं, हे त्या एका आकड्यात उरत नाही. तो आकडा जसाच्या तसा आयडलच्या दराने गुणला की चार्जरच्या बिघाडाचं भाडं ग्राहकाकडून वसूल होतं. आयडल शुल्काचा हेतू चार्जिंग झालेली गाडी जागा अडवून बसू नये एवढाच आहे. चार्जर स्वतः दम खात असताना गाडीवाल्याने जागा सोडली असती तर त्याचं चार्जिंगच अर्धवट राहिलं असतं.

दुरुस्त हिशेब असा. आयडल २८ मिनिटं, सवलत १०, राहिली १८. मिनिटाला ४ रुपयांनी ७२ रुपये. ऊर्जेचे ४४१ मिळवले की ५१३. त्यावर १८ टक्के जीएसटी ९२.३४. एकूण ६०५.३४. मूळ बिलातून वजा केले की ४२.४८ जास्तीचे. त्यात नऊ मिनिटांचे ३६ रुपये आणि त्यावरच्या कराचे ६.४८. रक्कम फार नाही, पण याच नियमाने दुपारी तापणाऱ्या यंत्रावरचं प्रत्येक बिल फुगत असतं.

उरलेली २८ मिनिटं कुणाच्या पदरात

गाडीमालकांचं म्हणणं होतं की ॲपमध्ये "पूर्ण व्हायला ५० मिनिटं" असं दिसत होतं, म्हणून ते निवांत बसले. हे खोटं नव्हतं. चार्जिंग चालू असताना गाडी चार्जरला उरलेल्या वेळेचा अंदाज पाठवते, आणि ॲप तोच आकडा दाखवतं. पण हा अंदाज बरेचदा १०० टक्क्यांपर्यंतचा असतो. ८० ची मर्यादा गाडीमालकांनी स्वतः गाडीच्या सेटिंगमध्ये लावून ठेवली होती. चार्जरला ती मर्यादा दिसत नाही. गाडी थांबली की त्याला फक्त एवढं कळतं की थांबली.

म्हणून हे ७२ रुपये माफ करावेत असं आम्हाला वाटत नाही. दहा मिनिटांची सवलत याचसाठी दिलेली असते. १५:११ नंतर या गनचे दोन मॉड्यूल शेजारच्या गाडीला मोकळे झाले हे खरं, पण तिसरी गाडी आली असती तर तिला लावायला गनच नव्हती. ॲपने चार्जिंग थांबल्याचा संदेश वेळेवर पाठवला होता का, एवढंच इथे तपासण्यासारखं आहे. तो १५:११ ला गेल्याची नोंद होती.

जेवायला जाताना वेळ काढायची असेल तर ॲपवर विसंबू नये. पाच मिनिटं थांबून स्क्रीनवर स्थिरावलेला वेग बघावा. जेवढे टक्के भरायचे तेवढी युनिटं काढावीत, उन्हाळ्यात त्यात दहा टक्के घालावेत आणि स्क्रीनवरच्या वेगाने भागावं. इथे साडेचोवीस भागिले ४४, म्हणजे ३३-३४ मिनिटं. दुसरी गन रिकामी असेल तर हा कमीत कमी वेळ समजायचा. शेजारी गाडी लागली की तो ५० च्या घरात जातो.

एकूण रकमेला युनिटांनी भागण्याची खोड

६४७.८२ ला २४.५ ने भागलं की २६ रुपये ४४ पैसे येतात आणि "बोर्डावर १८, घेतले २६" असा आरोप तयार होतो. या एका भागाकारात तीन गोष्टी कालवलेल्या असतात. विजेचा खरा दर १८, करासह २१ रुपये २४ पैसे. त्याच्या वरचं सगळं आयडलचं. बोर्डावरचा दर कराविना छापायचा की करासह, यात एकवाक्यता नाही, म्हणून दोन स्टेशनांची तुलना करताना आधी हे बघावं.

विजेचा दर दुपारच्या वेळी वेगळा असू शकतो हेही ध्यानात असू द्यावं. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सौर तासांत, म्हणजे सकाळी ९ ते दुपारी ४, चार्जिंग स्टेशनला मिळणारी वीज सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट आणि बाकी वेळी १.३ पट दराने देण्याचं सूत्र आहे. हे सूत्र स्टेशनच्या खरेदीला लागतं, तुमच्या बिलाला आपोआप लागत नाही. या स्टेशनचा दर दिवसभर एकच होता. वेळेनुसार दर असणाऱ्या ठिकाणी सेशन चारच्या पलीकडे गेलं, तर युनिटं चारच्या आधीची आणि नंतरची अशी वेगळी मोजली आहेत का, ते बघायचं.

तक्रार कशी लिहायची

मूळ तक्रारीचा अर्थ "बिल चुकीचं आहे" एवढाच होत होता, आणि तिला "बिल मीटरप्रमाणे आहे" असं ठरलेलं उत्तर आलं. मीटर बरोबरच होतं, त्यामुळे उत्तरही खोटं नव्हतं. दुसऱ्या पत्राने काम झालं. त्यात सेशन क्रमांक, गन क्रमांक आणि दोन्ही वेळा होत्या आणि एकच मागणी: "या सेशनमधल्या अवस्थांची नोंद वेळेसह द्यावी. १४:४२ ते १४:५१ या काळात अवस्था `SuspendedEVSE` होती का? असल्यास ती नऊ मिनिटं आयडलमधून वगळून सुधारित बिल द्यावं."

नऊ मिनिटांचा अंदाज बाहेरून कसा लागला? ॲपमधल्या पॉवरच्या आलेखात मध्येच शून्यावर गेलेली एक सपाट रेघ होती. आलेख नसणाऱ्या ॲपमध्ये स्क्रीनचे फोटो कामी येतात: सुरुवातीला एक, मध्ये येऊन-जाऊन एक-दोन, आणि गन काढण्याआधी एक. फोटोत युनिटं, व्होल्ट, अँपिअर आणि टक्के एकत्र यायला हवेत. दोन फोटोंमध्ये मिनिटं पुढे गेलेली आणि युनिटं तिथेच, असं दिसलं की थांबा सापडला. तेव्हा व्होल्टचा आकडा कायम असून अँपिअर शून्य असतील, तर गाडीच्या डॅशबोर्डवर काय लिहून येतं तेही टिपावं. गाडी "चार्जरची वाट पाहत आहे" अशा अर्थाचं काही दाखवत असेल तर बाजू आणखी पक्की होते.

पैसे परत घेताना एक बारीक गोष्ट सुटते. ग्राहक सेवेकडून ३६ रुपये वॉलेटमध्ये टाकून प्रकरण मिटवण्याची तयारी दाखवली गेली. पण मूळ बिलात त्या ३६ वर करही घेतलेला होता. म्हणून मागायची ती क्रेडिट नोट, करासह ४२.४८ ची. व्यवसायाच्या नावावर गाडी असेल आणि बिल हिशेबाला लावायचं असेल तर क्रेडिट नोटेशिवाय कागद जुळत नाहीत. इथे ती मिळाली, बिल ६०५.३४ वर आलं, आणि स्टेशन चालवणाऱ्याने त्या दुपारी दोन्ही गनवर लागलेल्या बाकीच्या गाड्यांची बिलंही त्याच नजरेने तपासायला घेतली.